मकरपुऱ्याच्या स्टोअरमधले ५१० बेअरिंग

मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या स्टोअरमध्ये शेवटच्या रॅकवर जर्मन बेअरिंगचे खोके छतापर्यंत गेलेत. ऑडिटवाला दर वर्षी बोट दाखवतो, "एवढे कशाला?" उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण त्या रॅकची उंची प्रत्येक काळात वेगळ्या भीतीने ठरली.

१९९१ पर्यंत भीती परवान्याची होती. आयातीचं ॲक्च्युअल युजर लायसन्स हातात आलं की मिळेल तेवढा माल मागवून टाकायचा, पुढचं कधी मिळेल याचा भरवसा नसे. बडोद्यातले जुने स्टोअरकीपर त्याला सेफ्टी स्टॉक, म्हणजे राखीव साठा, म्हणत नसत, 'कोटा उचलला' म्हणत. गरज किती याचा हिशेब त्यात नव्हताच.

परदेशात हिशेब सुरू होऊन बराच काळ झाला होता. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये एका वेळी किती मागवावं याचं सूत्र मांडलं, पण त्यात खप ठरलेला आणि माल वेळेवर येणारा. 'मागवायचं कधी' हा प्रश्न आर. एच. विल्सन यांनी १९३४ मध्ये वेगळा काढला. अनिश्चितता गणितात नीट शिरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. आज वापरतो ते सूत्र असं:

```
SS = z * sqrt(L * sd^2 + d^2 * sL^2)
```

`SS` म्हणजे सेफ्टी स्टॉक, `d` आठवड्याचा सरासरी खप, `sd` त्या खपातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, `L` माल यायला लागणारे सरासरी आठवडे आणि `sL` त्या आठवड्यांतला चढउतार. `z` किती खात्री हवी त्यावर ठरतो. ९५ टक्क्यांना १.६५.

१९९१ नंतर परवाने सुटले, दर आठवड्याला ठरलेल्या वारी जहाज सुटू लागलं आणि रॅक खाली उतरला. आमचा खप आठवड्याला १००, चढउतार २०. हॅम्बुर्गहून न्हावा शेवामार्गे माल १२ आठवड्यांत येई, एखादा आठवडा मागेपुढे. सूत्राने २०१ नग येतात. कित्येक ठिकाणी मात्र वर्गमुळाखालचा दुसरा भाग वगळून फक्त खपाचा चढउतार धरत, म्हणजे ११४. जहाजं वेळेवर होती तोवर ही चूक झाकून राहिली.

डिसेंबर २०२३ मध्ये हुथींच्या हल्ल्यांमुळे मोठ्या कंटेनर कंपन्यांनी तांबडा समुद्र टाळून केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला, म्हणून आम्ही `L` १४ केला. राखीव साठा २०१ वरून २०६ वर गेला, पाचच नग जास्त! ऑर्डर दोन आठवडे आधी टाकू लागलो आणि निर्धास्त झालो.

तरीही लाइन बंद पडली. लांबच्या फेरीला तेवढीच जहाजं पुरेनात. एखादी फेरी रद्द व्हायची, आपला कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जायचा, मग दोन जहाजं एकदमच बंदरात येऊन रांगेत उभी राहायची. एक माल १२ आठवड्यांत, दुसरा १९ मध्ये. `sL` तीनवर गेला होता. तो आकडा घातला तर साठा ५१० येतो. अंतर वाढल्याने पाच नग वाढले, बेभरवशाने तीनशे.

हे वेळेत का दिसलं नाही, ते मला उशिरा कळलं. जहाजाची तारीख पुढे गेली की आमची परचेसमधली मंडळी ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये जुन्या तारखेवर नवी लिहीत. शेवटच्या तारखेला माल आला की रिपोर्टमध्ये 'वेळेवर'. चढउतार कागदावर जवळजवळ शून्य! आता एक साधी वही ठेवली आहे. ऑर्डर, माल तयार, बिल ऑफ लेडिंगवरची जहाजावर चढल्याची तारीख, बंदरात आगमन, कस्टममधून सुटका, गेटवर पोच. या तारखा एकदा लिहिल्या की खोडायच्या नाहीत. उशीर सप्लायरकडे झाला, समुद्रात की बंदरात, ते त्यातून वेगळं दिसतं. सप्लायरचा उशीर फोनवर भांडून कमी होतो, समुद्रातल्यासाठी साठाच ठेवावा लागतो.

सूत्राची एक खोट सांगायलाच हवी. ते उशीर आणि लवकर येणं सारखंच धरतं. प्रत्यक्षात माल फार तर दोन आठवडे आधी येतो, उशिरा मात्र पाच आठवडेही. शिवाय जहाज चुकलं की उशीर दिवसांनी नाही, एकदम आठवड्याने वाढतो. म्हणून ज्या बेअरिंगवाचून गिअरबॉक्स बाहेर पडतच नाही, त्यांच्या वहीतला सर्वांत वाईट उशीर मी वेगळा बघतो. ज्यांना इथला पर्याय चालतो, त्यांना ५१० ची गरज नाही. त्यांच्यावर भांडवल अडकवणं मला पटत नाही.

ऑडिटवाल्याला यंदा ती वही दाखवली. त्याने शेवटच्या आठ खेपा स्वतः मोजल्या, चढउतार दोनच्या वरच निघाला. रॅक तसाच राहिला.