उन्हाचं पुरळ की घामोळं? मनगटावरचं घड्याळ काढून बघा

तिशीतली एक बाई. गेले तीन-चार महिने सकाळी ऑफिसात शिरायची आणि अंधार पडल्यावरच बाहेर पडायची. ऊन अंगावर पडलं असेल तर तेवढ्या येण्याजाण्यात. मग एका शनिवारी ती सहलीला जाते. अंगात अर्ध्या बाह्यांचा, रुंद गळ्याचा कुर्ता, मनगटावर घड्याळ. सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंत भर उन्हात फिरणं होतं. भरपूर घाम येतो, पण संध्याकाळी त्वचेला काहीही झालेलं नसतं. रात्री झोपताना हातांना जरा चुणचुण जाणवते. रविवारी सकाळी उठून बघते तर दंडांच्या बाहेरच्या बाजूला, कोपरापासून खाली आणि गळ्याखाली छातीवर बारीक बारीक पुटकुळ्या उठलेल्या, आणि खाज अशी की हात स्वस्थ राहत नाहीत.

घरातले सगळे एकच निदान करतात: उन्हात फिरलीस, घाम आला, घामोळं उठलंय.

निदान पटण्यासारखं आहे, कारण ऊन आणि घाम एकाच दिवशी भेटतात. पण तिचं पुरळ घामाचं नाही, उजेडाचं आहे. त्वचारोगतज्ज्ञ त्याला पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन म्हणतात, थोडक्यात पीएमएलई. एरवी लोक त्याला ‘उन्हाची ॲलर्जी’ म्हणतात. हा विकार मुळीच दुर्मीळ नाही. समशीतोष्ण देशांत दर शंभरातल्या दहा ते वीस जणांना तो कधी ना कधी होतो, आणि त्यात तरुण बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त असतं. तरीही कित्येक जण वर्षानुवर्षं त्याला घामोळं समजून पावडर लावत राहतात.

दोन्हींतला फरक ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. पुरळ कुठे उठलंय एवढं नीट बघितलं तरी बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

या बाईने मनगटावरचं घड्याळ काढलं तर पट्ट्याखालची त्वचा स्वच्छ दिसेल. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पुटकुळ्या आणि मधे बोटभर रुंदीची गुळगुळीत पट्टी. बाही वर सरकवली की जिथपर्यंत कापड होतं तिथपर्यंत दंड साफ. छातीवरचं पुरळ कुर्त्याच्या गळ्याच्या आकाराचं. काखेत, छातीखाली, कमरेला, म्हणजे जिथे घाम सर्वांत जास्त साचला, तिथे एकही पुटकुळी नाही. उन्हाने जणू कपड्यांच्या कडेने रेघ मारून ठेवलेली असते.

घामोळ्याचा नकाशा याच्या बरोबर उलटा असतो. घामाच्या ग्रंथी त्वचेत खोलवर असतात आणि त्यांच्या नळ्या वर येऊन उघडतात. त्वचा बराच वेळ ओली, झाकलेली आणि घासली जात राहिली की या नळ्यांची तोंडं बुजतात. वाट बंद झालेला घाम नळी फोडून आजूबाजूच्या त्वचेत झिरपतो, आणि तिथे दाह होऊन टोचणारी बारीक पुटकुळी उठते. म्हणून घामोळं येतं ते कपड्याच्या आत: पाठीवर, काखेच्या आसपास, मानेच्या वळीत, कमरपट्ट्याखाली. तापाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवरही ते येतं, आणि त्या पाठीला उन्हाची तिरीपही लागलेली नसते. घड्याळाच्या पट्ट्याखाली घामोळं उठू शकतं. पीएमएलई तिथे सहसा उठत नाही.

दुसरा पुरावा वेळेचा. घामोळं घामाबरोबर चालतं. पुन्हा घाम आला की लगेच सुया टोचल्यासारखं होतं, आणि गार हवेत बसलं की काही वेळात ते टोचणं ओसरतं. पीएमएलई मात्र उशिरा येतं. उन्हात गेल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही. एकदा उठलं की पंख्याखाली बसून ते विझत नाही. पुन्हा ऊन लागलं नाही तर काही दिवसांत, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत, डाग न ठेवता बहुधा निघून जातं.

हा उशीरच आत काय चाललंय ते सांगतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेतले काही रेणू किंचित बदलतात. असं प्रत्येकाच्याच त्वचेत होतं. शरीराच्या पहारेकऱ्यांना, म्हणजे प्रतिकारपेशींना, हे बदललेले रेणू परके वाटायला हवेत. पण निरोगी त्वचेत एक सोय आहे: तेच ऊन तिथली प्रतिकारशक्ती तात्पुरती मंदावतं. पहाऱ्यावरच्या लँगरहॅन्स पेशी ऊन लागल्यावर बाह्यत्वचा सोडून निघून जातात आणि बदललेल्या रेणूंकडे काणाडोळा होतो. पीएमएलई असलेल्यांमध्ये हे मंदावणं पुरेसं होत नाही. पेशी जागच्या हलत नाहीत, रेणू परके म्हणून ओळखले जातात आणि लिम्फोसाइट पेशी तिथे जमू लागतात. त्या जमायला तास लागतात, म्हणून पुरळही तासांनी उठतं. मूळ रेणू नेमका कोणता, हे अजून कुणी पक्कं दाखवलेलं नाही.

मला या विकारातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती पुढची. तोच माणूस तेवढ्याच उन्हात महिन्या-दोन महिन्यांनी गेला तर त्याला पुष्कळदा काहीच होत नाही. ऊन थोडं थोडं लागत राहिलं की ती मंदावण्याची सोय हळूहळू काम करू लागते. डॉक्टर याला त्वचा ‘हार्डन’ होणं म्हणतात, आपण ‘सरावणं’ म्हणू. एवढं कळलं की बाकीची कोडी आपोआप सुटतात. त्रास मोसमातल्या पहिल्या कडक उन्हातच का होतो? कारण मधल्या महिन्यांत सराव मोडलेला असतो. चेहरा वर्षभर उघडा, सगळ्यांत जास्त ऊन खाणारा, तरी तो बहुधा सुटतो आणि एरवी झाकलेले दंड व छातीच का फुलतात? कारण चेहऱ्याचा सराव कधीच मोडत नाही. त्या बाईच्या गालावर एकही पुटकुळी नव्हती. तिच्या घरच्यांना यावरूनच वाटलं होतं की याचा उन्हाशी थेट संबंध नसणार, दोष घामाचाच.

नावातल्या ‘पॉलिमॉर्फिक’ शब्दाने मात्र फसू नका. त्याचा अर्थ अनेकरूपी. कुणाला टाचणीच्या डोक्याएवढ्या पुटकुळ्या येतात, कुणाला पाणीदार फोड, कुणाला जाडसर चट्टे. पण एका माणसाला दर वेळी साधारण एकाच प्रकारचं पुरळ येतं. सावळ्या त्वचेवर लाली दिसेलच असं नाही. तिथे पुटकुळ्या त्वचेच्याच रंगाच्या किंवा थोड्या फिकट असतात आणि डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतात, वाळूचे कण चिकटल्यासारखे.

आता त्या बाईकडे परत जाऊ, कारण चुकीच्या निदानाचा तोटा इथे दिसतो. घामोळं समजून ती रविवारी पावडर लावते, हवा लागावी म्हणून बिनबाह्यांचा कपडा घालते आणि बंद काचेच्या खिडकीशी पंखा लावून दुपारभर बसते. घामोळ्यासाठी यातलं बरंचसं ठीक आहे, कारण त्याला गारवा, सैल कपडे आणि कोरडी त्वचा एवढंच हवं असतं. पण सोमवारी तिचं पुरळ वाढलेलं असतं. पीएमएलई बहुतेकांना अतिनील ‘अ’ किरणांनी होतं, आणि साधी काच ‘ब’ किरण बरेचसे अडवते पण ‘अ’ किरण मोठ्या प्रमाणात आत सोडते. म्हणजे तिने बरं होण्यासाठी निवडलेली जागाच त्रास वाढवणारी होती. गाडीतही हेच होतं. पुढची काच दोन थरांची असल्याने बहुतेक ‘अ’ किरण अडवते, बाजूच्या काचा तेवढ्या भरवशाच्या नसतात.

सनस्क्रीनची गफलतही इथलीच. बाटलीवरचा एसपीएफचा आकडा त्वचा भाजून लाल होण्यापासून किती संरक्षण मिळतं ते सांगतो, आणि ते भाजणं मुख्यतः ‘ब’ किरणांचं काम आहे. पन्नास एसपीएफ लावूनही पुरळ उठलं म्हणून माणूस चक्रावतो. त्याने ‘यूव्हीए’, म्हणजे ‘अ’ किरणांपासूनच्या संरक्षणाची वेगळी खूण बघायला हवी. शिवाय प्रयोगशाळेत हा आकडा काढताना दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढा जाड थर देतात; आपण सहसा त्याच्या निम्माही लावत नाही. खरं सांगायचं तर घट्ट विणीची पूर्ण बाही कुठल्याही मलमापेक्षा भरवशाची. सैल विणीच्या पातळ कापडातून किरण आत येतात, आणि तसं झालं की वर सांगितलेला कपड्याच्या कडेचा पुरावाही पुसट होतो.

पुरळ उठलंच तर ते भाग काही दिवस उन्हापासून पूर्ण झाकायचे. खाज फार असेल तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइडचं मलम देतात. ते मनाने आणून लावू नये, विशेषतः चेहऱ्यावर. दरवर्षी जोरदार त्रास होणाऱ्यांसाठी तज्ज्ञ मोसम सुरू होण्याआधीच काही आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, मोजून मापून नॅरोबँड यूव्हीबी किरण देतात, म्हणजे त्वचा आधीच सरावते. घरी हाच सराव रोज काही मिनिटांच्या उन्हाने सुरू करून हळूहळू वाढवता येतो, पण निदान पक्कं झाल्यावरच.

ही अट मी मुद्दाम घालतोय, कारण उन्हाने उठणारं प्रत्येक पुरळ पीएमएलई नसतं. ऊन लागताच काही मिनिटांत गांधी उठून तासा-दोन तासांत मावळत असतील तर ती सोलर अर्टिकेरिया, म्हणजे उन्हाचं पित्त. ते क्वचित गंभीरही होऊ शकतं. नवीन गोळी सुरू केल्यावर त्रास सुरू झाला असेल तर त्या गोळीवर संशय घ्यावा, कारण डॉक्सिसायक्लिन किंवा रक्तदाबावरची थायाझाइड गटातली औषधं त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात. आणि लाली गालांवर व नाकावर पसरून आठवडेच्या आठवडे टिकत असेल, सांधे दुखत असतील, तोंडात फोड येत असतील किंवा पुरळ गेल्यावर वण राहत असेल, तर ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा विकार, आहे का हे रक्त तपासून बघावं लागतं. ल्युपसमध्ये उन्हाचा सराव करायला जाणं धोक्याचं आहे.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत पीएमएलईचं पुरळ बहुधा गेलेलं असतं, आणि साफ त्वचेकडे बघून कुणीच काही सांगू शकत नाही. म्हणून पुटकुळ्या दिसतील त्याच सकाळी फोनवर फोटो काढून ठेवा: एक जवळून, आणि एक असा की ज्यात बाहीची कड किंवा घड्याळाच्या पट्ट्याची जागाही येईल. सोबत ऊन किती वाजता लागलं आणि पहिली खाज किती वाजता सुटली, एवढं लिहून ठेवा.