भेट आणि पाठलाग: रायबंदरच्या रस्त्यावरचे दोन सायकलस्वार

पणजीच्या पाटोपासून रायबंदरपर्यंत मांडवीच्या काठाने जाणारा जुना कॉजवे पोर्तुगीज राजवटीत, १६३४ च्या सुमारास पुरा झाला. त्याची लांबी तीन किलोमीटरांहून थोडी अधिक आहे. रस्ता सपाट असल्यामुळे सायकलस्वाराला आपला वेग बराच वेळ एकसारखा राखता येतो, आणि म्हणूनच वेगाच्या गणिताला तो फार सोयीचा आहे. हिशेबापुरते आपण अंतर नेमके ३ किलोमीटर धरू.

एक सायकलस्वार पाटोहून ताशी १८ किलोमीटर वेगाने निघाला आणि त्याच क्षणी दुसरा रायबंदरहून ताशी १२ किलोमीटर वेगाने त्याच्या दिशेने निघाला, तर ते किती वेळाने भेटतील? पहिला मिनिटाला ३०० मीटर जातो, दुसरा २०० मीटर. दोघांच्या जागा वेगवेगळ्या शोधत बसण्यापेक्षा त्यांच्यामधल्या अंतराकडेच लक्ष द्यावे. हे अंतर एका टोकाकडून मिनिटाला ३०० मीटरने आणि दुसऱ्या टोकाकडून २०० मीटरने आटते, म्हणजे एकूण ५०० मीटरने. ३००० मीटर आटायला ६ मिनिटे लागतील. तेवढ्या वेळात पहिला १८०० मीटर आणि दुसरा १२०० मीटर आलेला असेल. या दोहोंची बेरीज ३००० भरते, तेव्हा उत्तर बरोबर आहे. काही विद्यार्थी दोन वेगांची सरासरी १५ काढून तिने अंतराला भागतात आणि १२ मिनिटे हे उत्तर आणतात. परंतु १२ मिनिटांत दोघे मिळून ६ किलोमीटर कापतील आणि रस्ता तर ३ किलोमीटरांचाच आहे. चूक ओळखायला एवढा पडताळा पुरतो.

आता दिशा बदलू. दुसरा सायकलस्वार रायबंदरहून पणजीकडे न येता पुढे जुन्या गोव्याकडे निघाला आणि पहिला त्याच क्षणी पाटोहून त्याच्या मागे लागला. अंतर अजूनही ३ किलोमीटरच आहे, पण मागचा ते मिनिटाला ३०० मीटरने कमी करतो आणि पुढचा २०० मीटरने वाढवतो. निव्वळ घट मिनिटाला १०० मीटरची. ३००० मीटर भरून काढायला ३० मिनिटे हवीत आणि तोवर मागच्याने ९ किलोमीटर कापलेले असतील, म्हणजे तो जुन्या गोव्याजवळ पोहोचलेला असेल. इथला पडताळा वजाबाकीचा आहे: मागच्याचे ९ किलोमीटर वजा पुढच्याचे ६ किलोमीटर, बरोबर ३.

हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’च्या गणितपादात तो एका श्लोकात आला आहे: परस्परविरुद्ध दिशेने जाणाऱ्या दोघांमधल्या अंतराला गतींच्या बेरजेने भागावे, आणि एकाच दिशेने जाणाऱ्यांमधल्या अंतराला गतींच्या वजाबाकीने. आर्यभटाला प्रामुख्याने ग्रह एकमेकांना कधी गाठतात हे काढायचे होते. त्या श्लोकातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे येणारा काळ पुढे होणाऱ्या भेटीचा असू शकतो, तसाच होऊन गेलेल्या भेटीचाही, हे त्याने तिथेच सांगून ठेवले आहे. वेगवान सायकलस्वारच पुढे असेल, तर वजाबाकीने मिळालेला काळ मागे मोजायचा असतो.

दोघे एकाच क्षणी निघाले, ही अट वरवर किरकोळ दिसते, पण सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे, कारण बेरीज किंवा वजाबाकी दोघेही चालत असतानाच लागू पडते. रायबंदरचा सायकलस्वार २ मिनिटे उशिरा निघाला, तर त्या २ मिनिटांत अंतर केवळ पहिल्याच्या वेगाने, म्हणजे ६०० मीटरने कमी होईल. उरलेल्या २४०० मीटरना मात्र बेरीज लागू होते आणि ४ मिनिटे ४८ सेकंद लागतात. अशा उदाहरणात आधी घड्याळ दोघेही चालू लागल्याच्या क्षणावर आणावे, त्या क्षणीचे अंतर काढावे आणि मगच भागाकार करावा.

कागदावर भेट आणि पाठलाग ही जुळी गणिते वाटतात, पण प्रत्यक्ष रस्त्यावर त्यांच्या उत्तरांवर सारखाच भरवसा ठेवता येत नाही. पाटोहून निघालेल्याचा वेग आपण १८ धरला आणि तो खरोखर १७ होता असे समजा. भेटीच्या गणितात बेरीज ३० ऐवजी २९ होते आणि ६ मिनिटांऐवजी सुमारे ६ मिनिटे १२ सेकंद लागतात. हा फरक कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पाठलागाच्या गणितात मात्र वजाबाकी ६ ऐवजी ५ होते आणि ३० मिनिटांची ३६ मिनिटे होतात. चूक तेवढीच, ताशी एका किलोमीटरची, पण एका उत्तरात तिने १२ सेकंदांचा फरक पाडला आणि दुसऱ्यात ६ मिनिटांचा.

त्यातच दुसऱ्याचा वेगही १२ नसून १३ निघाला, तर? १७ आणि १३ यांची बेरीज पुन्हा ३० येते, म्हणजे दोन चुकांनी एकमेकींना खोडले आणि भेट ठरल्याप्रमाणे सहाव्या मिनिटालाच होते, फक्त तिची जागा १०० मीटर पाटोकडे सरकते. वजाबाकी मात्र ४ उरते आणि पाठलाग ४५ मिनिटे चालतो. मागच्याला ९ च्या जागी पावणेतेरा किलोमीटर जावे लागते, म्हणजे जुने गोवे मागे टाकून बरेच पुढे. कारण असे की दोन वेग एकमेकांच्या जितके जवळ, तितकी त्यांची वजाबाकी लहान, आणि वेग मोजताना झालेली चूक मात्र त्या प्रमाणात लहान होत नाही. ती त्या लहानशा बाकीत जशीच्या तशी येऊन बसते. वेग अगदी सारखे असतील तर बाकी शून्य होते आणि भागाकारच उरत नाही. मागच्याने आयुष्यभर पायडल मारले तरी ३ किलोमीटरांचे अंतर तसेच राहील.

म्हणून पाठलागाचा अंदाज बांधायचा असेल, तर दोन वेग स्वतंत्रपणे मोजून वजाबाकी करण्यापेक्षा दोघांमधली तफावतच थेट मोजणे अधिक खात्रीचे आहे. त्यासाठी रस्त्याच्या कडेला घड्याळ घेऊन उभी राहणारी दोन माणसे पुरतात. पहिला माणूस रायबंदरला, पाटोपासून ३ किलोमीटरवर उभा आहे. पुढचा सायकलस्वार निघाल्यावर बरोबर १० मिनिटांनी मागचा तिथून जाताना त्याला दिसतो. दुसरा माणूस पाटोपासून ६ किलोमीटरवर आहे. तिथून पुढचा गेल्यावर मागचा ५ मिनिटांनीच येतो. तीन किलोमीटरांत तफावत १० मिनिटांवरून ५ वर आली, तेव्हा वेग असेच राहिले तर आणखी तीन किलोमीटरांनी ती शून्य होईल आणि गाठ नवव्या किलोमीटरला पडेल. कोणाचा वेग ताशी किती, हे या दोघांपैकी एकालाही ठाऊक असण्याची गरज नाही. सायकलशर्यतीत पुढे निसटलेल्या स्वारामागचा घोळका त्याला शेवटच्या रेषेआधी गाठेल की नाही, हे याच रीतीने, ठरावीक अंतरांवर मिनिटे-सेकंदांची तफावत घेत ठरवले जाते.