मारुतीखाली गणपती: लेक की धाकटा भाऊ?

वंशावळीच्या जुन्या कागदाचा फोटो कोणी पाठवला की मी आधी नावं वाचत नाही, रेघा वाचतो. नाव चुकलं तर पुढे सुधारता येतं. रेघ चुकली तर अख्खी शाखा एक पिढी वर किंवा खाली सरकते. सगळ्यात जास्त घोळ एकाच गोष्टीचा असतो. एका नावाखाली दुसरं नाव लिहिलंय आणि मधे उभी रेघ आहे. खालचा माणूस वरच्याचा लेक आहे, की ओळीत जागा उरली नाही म्हणून खाली उतरलेला भाऊ? कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

परभणी जिल्ह्यातल्या एका घराचा कागद घेऊ. नावं बदलली आहेत. वर खंडोजी. त्यांच्याखाली एक आडवी रेघ आणि तिला लटकलेली तीन नावं: राणोजी, तुकाराम, मारुती. मारुती कागदाच्या उजव्या कडेला टेकलेले. त्यांच्याखाली गणपती, गणपतीखाली बापूराव. घरच्या पोरांनी मोबाईलवर स्वच्छ तक्ता केला आणि गणपतीला मारुतीचा मुलगा करून टाकलं.

लेक असेल तर रेघ साधारण बापाच्या नावाच्या मध्यातून खाली येते, आणि भावंडं असली तर त्या रेघेला पुन्हा आडवा फाटा फुटतो. जागेअभावी उतरलेल्या भावाचं नाव बहुधा कडेला असतं, अक्षर दाटलेलं असतं आणि त्याच्यासोबत दुसरं भावंड नसतं. इथे गणपती कडेलाच होते, एकटेच होते. म्हणून मला शंका आली. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. फोटोत एक फसवी गोष्टही असते, ती म्हणजे कागदाच्या घडीची रेघ. घडी अक्षरांच्या अंगावरून आरपार जाते, शाईची रेघ नावापाशी थांबते. फोटो बाजूच्या उजेडात पुन्हा काढायला सांगितला की फरक लगेच कळतो.

आता वय. कागदावर राणोजीपुढे १३०५ आणि गणपतीपुढे १३३१ लिहिलेलं होतं. हे निजामाच्या राज्यातले फसली सन. त्यात ५९० मिळवले की इसवी सन ढोबळ मिळतो, म्हणजे १८९५ आणि १९२१. सव्वीस वर्षांचं अंतर पाहून कोणीही म्हणेल की हा पुतण्याच असणार. वय इथेच दगा देतं. एकाच आईची लेकरं साधारण वीस-पंचवीस वर्षांत होतात, पण आपल्याकडे थोरली आणि धाकटी अशा दोन बायका असलेली घरं पुष्कळ होती. धाकटीचा लेक थोरलीच्या नातवाएवढा निघतो. काका पुतण्यापेक्षा लहान असणं गावात नवलाचं नाही. म्हणून वयाने एवढंच ठरवता येतं की दोघांत पंधरा वर्षांपेक्षा कमी अंतर असेल तर बाप-लेक नव्हेत. अंतर जास्त असलं तर वय काहीच ठरवत नाही.

मग सरकारी कागद. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक तहसीलच्या अभिलेख कक्षात मागता येतं. त्याआधीचे कागद उर्दूत किंवा मोडीत असतात, ते जाणकाराकडून वाचवून घ्यावे लागतात. त्यांत एक शब्द शोधायचा: ‘वल्द’. मोडीत असेल तर ‘बिन’. दोन्हींचा अर्थ अमक्याचा मुलगा. आपल्या घराच्या खासऱ्यात ‘गणपती वल्द खंडोजी’ असं होतं. शिवाय खंडोजींची चोवीस एकर जमीन चार नावांवर होती, प्रत्येकी सहा एकर. गणपती मारुतीचे लेक असते तर वाटे तीनच पडले असते, आठ-आठ एकरांचे, आणि गणपतींचा वाटा मारुतीच्या आठ एकरांतून निघाला असता.

इथेही दोन सापळे आहेत. दत्तक मुलाच्या नावापुढे दत्तक बापाचं नाव येतं, तेव्हा ‘वल्द’वरून जन्माचा बाप कळतोच असं नाही. आणि जुन्या सातबाऱ्यावर ‘ए.कु.क.’ असेल, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, तर फक्त थोरल्याचं नाव चढलेलं असतं. धाकटा भाऊ तिथे नाही म्हणून तो नव्हताच, असं धरू नये.

कागदाएवढाच भरवशाचा पुरावा घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडी असतो, फक्त प्रश्न बरोबर पाहिजे. “गणपती कोण?” असं विचारलं तर “आमचेच की भाऊबंद” एवढंच उत्तर येतं. त्या घरच्या आत्या राणोजींची नात, जन्म १९४७ चा. शाळेच्या निर्गम उताऱ्यावर बापूरावांचा जन्म १९४३ चा. म्हणजे दोघांत चारच वर्षांचं अंतर. मी विचारलं, “आत्या, बापूरावांच्या बायकोला तुम्ही काय म्हणायच्या, वहिनी का काकू?”

“काकूच. वहिनी कशी म्हणू? माझ्या बापाचा भाऊ लागतो तो.”

“भाऊबीजेला ओवाळलं का कधी त्यांना?”

“चुलत्याला कोण ओवाळतंय भाऊबीजेला?”

गणपती मारुतीचे लेक असते तर बापूराव आत्याच्याच पिढीचे, म्हणजे भाऊ, आणि त्यांची बायको वहिनी. वयाने फार मोठ्या चुलत भावालाही कधी काका म्हणतात, म्हणून नुसत्या ‘काका’ शब्दावर मी थांबत नाही. पण चार वर्षांनी मोठ्या माणसाच्या बायकोला कोणी उगाच काकू म्हणत नाही.

तक्ता मी चित्रापासून सुरू करत नाही. आधी साधी यादी करतो: क्रमांक, नाव, वडिलांचा क्रमांक, आईचं नाव, पुरावा. पिढी कागदावरच्या उंचीवरून घ्यायची नाही, वडिलांच्या पिढीत एक मिळवून काढायची. गणपतीच्या रकान्यात वडील म्हणून खंडोजींचा क्रमांक टाकला की बापूराव आणि त्यांची पुढची सगळी लेकरं आपोआप एक ओळ वर आली. क्रमांकाचा आणखी एक उपयोग आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे आजोबा राणोजी, त्यांचा लेक, पुन्हा नातू राणोजी अशी साखळी येते आणि उतरवून घेणारा दोन राणोजींना एकच समजून दोन पिढ्या गिळतो. दोघांचे क्रमांक वेगळे असले की हे होत नाही.

मग मूळ कागदावर मारुतीपासून गणपतीपर्यंत रेघ कशाला होती? एका फेरफारात त्याचं उत्तर मिळालं. मारुती निपुत्रिक वारले. त्यांचे सहा एकर त्यांनी हयातीतच बक्षीसपत्राने धाकट्या भावाला दिले होते. कागद लिहिणाऱ्याने जमीन कोणाकडे गेली ते रेघेने दाखवलं, आणि नातवंडांनी तीच रेघ जन्माची म्हणून वाचली. नव्या तक्त्यात ती रेघ मी काढून टाकली आणि मारुतीच्या चौकटीखाली बक्षीसपत्राची ओळ लिहिली.

एक जागा मात्र उरली. गणपती धाकटीचे, हे आत्याला ठाऊक होतं. पण मारुती थोरलीचे की धाकटीचे ते सांगता आलं नाही, आणि दोन्ही बायकांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत. तक्त्यात खंडोजींशेजारी दोन रिकाम्या चौकटी आहेत, ‘थोरली’ आणि ‘धाकटी’, आणि मारुतीकडे दोन्हींतून तुटक रेघ येते. मूळ कागदाचा फोटो त्याच पानाच्या मागे चिकटवला आहे.