ग्रीडी की डायनॅमिक प्रोग्रामिंग: हॉल बुकिंगचे उदाहरण

ग्रीडी पद्धतीत प्रत्येक पायरीला त्या क्षणी सर्वांत बरा दिसणारा पर्याय घेतात आणि घेतलेला निर्णय पुन्हा उघडत नाहीत. डायनॅमिक प्रोग्रामिंगमध्ये (यापुढे डीपी) लहान उपप्रश्नांची उत्तरे तक्त्यात साठवतात आणि त्यांतून मोठे उत्तर बांधतात. दोन्हींत मोठे उत्तर लहान उत्तरांवरच उभे असते, त्यामुळे नुसत्या त्या लक्षणावरून निवड होत नाही. फरक एकाच ठिकाणी आहे: पुढचे काही न बघता घेतलेला पहिला निर्णय सुरक्षित आहे, हे सिद्ध करता येते का? येत असेल तर ग्रीडी, नाहीतर तक्ता.

उदाहरणादाखल नवी मुंबईत कोपरखैरण्याच्या एखाद्या सोसायटीचा हॉल घ्या. हॉल एकच, आणि एका रविवारसाठी सात अर्ज आले आहेत. वेळा २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे दिल्या आहेत.

| अर्ज | वेळ | भाडे (₹) |
|---|---|---|
| योगवर्ग | ८–९ | ४०० |
| नाटकाची तालीम | ९–१२ | ९०० |
| साखरपुडा | ७–१३ | २५०० |
| महिला मंडळ | ११–१३ | ७०० |
| चित्रकला स्पर्धा | १२–१५ | १५०० |
| वाढदिवस | १५–१९ | ३५०० |
| भजन | १८–२० | ६०० |

सेक्रेटरींना आधी एवढेच हवे आहे की जास्तीत जास्त अर्ज मंजूर व्हावेत. भाडे सध्या बाजूला ठेवू. 'आधी सुरू होणारा आधी' हा नियम लावला तर साखरपुडा सकाळी सातलाच हॉल अडवतो आणि त्याच्यानंतर फक्त वाढदिवस बसतो, म्हणजे दोनच अर्ज. 'कमी वेळाचा आधी' लावला तर योगवर्ग, महिला मंडळ आणि भजन असे तीन मिळतात, कारण दोन तासांचे महिला मंडळ तालीम आणि स्पर्धा दोघांनाही आडवे येते. 'आधी संपणारा आधी' लावल्यावर योगवर्ग, तालीम, स्पर्धा आणि वाढदिवस असे चार बसतात. तिन्ही नियम सारखेच सुचणारे आहेत, म्हणून नियम पटणे म्हणजे तो सिद्ध होणे नव्हे.

तिसरा नियम सुरक्षित का, हे अदलाबदलीच्या युक्तिवादाने दाखवतात. कोणतीही एक सर्वोत्तम यादी घ्या. तिच्यातला पहिला कार्यक्रम काढा आणि त्याच्या जागी सर्वांत आधी संपणारा अर्ज, इथे योगवर्ग, ठेवा. योगवर्ग त्या काढलेल्या कार्यक्रमाच्या आधी किंवा फार तर त्याच वेळी संपतो, म्हणून यादीतल्या पुढच्या कोणाशीही त्याची टक्कर होत नाही. एक गेला, एक आला. संख्या तेवढीच राहिली. म्हणजे योगवर्गाने सुरू होणारी एक तरी सर्वोत्तम यादी असतेच. नऊनंतर सुरू होणाऱ्या किंवा नऊलाच सुरू होणाऱ्या अर्जांवर हाच युक्तिवाद पुन्हा लावला की सिद्धता पुरी होते.

या प्रश्नात आणखी एक पडताळा फुकट मिळतो. निवडलेल्या चौघांच्या संपण्याच्या एक मिनिट आधीच्या वेळा पाहा: ८:५९, ११:५९, १४:५९ आणि १८:५९. सातांपैकी प्रत्येक अर्ज यांपैकी किमान एका क्षणी हॉलमध्ये असतोच, आणि एका क्षणी हॉलमध्ये एकच कार्यक्रम मावतो. म्हणून पाचवा अर्ज बसवणे कोणालाच शक्य नाही.

आता खजिनदार म्हणतात, संख्या राहू दे, भाडे जास्तीत जास्त हवे. वरच्या युक्तिवादाचे कोणते वाक्य आता कोसळते ते नेमके शोधावे. टक्कर होत नाही हे अजूनही खरे आहे. पण साखरपुडा काढून योगवर्ग ठेवला की संख्या तीच राहते आणि भाडे २१०० रुपयांनी घटते. अदलाबदल 'नुकसान न करणारी' राहिली नाही, त्यामुळे नियमाचा आधारच गेला.

मग 'जास्त भाड्याचा आधी' का नको? वाढदिवस ३५०० आणि साखरपुडा २५०० मिळून ६००० होतात, तर आधीची चौघांची यादी ६३०० देते. गंमत म्हणजे साखरपुड्याचे भाडे ६००० असते, तर हाच नियम ९५०० चे बरोबर उत्तर देऊन मोकळा झाला असता. चार नमुन्यांवर कार्यक्रम चालून गेला म्हणून ग्रीडी स्वीकारू नये ते याचसाठी. 'तासाला जास्त भाडे' हा नियमही टिकत नाही: ८–९ चे ५०० आणि ८–१२ चे १२०० एवढे दोनच अर्ज असले तरी तो ५०० घेऊन बसतो.

या अपयशामागे रचना आहे. 'मोठे वजन आधी' हा नियम कोणतीही वजने दिली तरी बरोबर ठरतो तो मॅट्रॉइड नावाच्या रचनेतच. तिची एक अट अशी: लहान वैध यादीत मोठ्या वैध यादीतला एखादा घटक नेहमी भरता आला पाहिजे. इथे एकट्या साखरपुड्याच्या यादीत योगवर्गही भरता येत नाही आणि तालीमही नाही. संख्येसाठी ग्रीडी तरीही चालली, कारण तिची सिद्धता मॅट्रॉइडवर नव्हे, संपण्याच्या वेळेवर उभी होती.

भाड्यासाठी डीपी अशी मांडतात. अर्ज संपण्याच्या वेळेने लावायचे. प्रत्येक अर्जाला दोनच वाटा: सोडला तर आधीच्या अर्जापर्यंतचे उत्तर तसेच राहते; घेतला तर त्याचे भाडे, अधिक तो सुरू होईपर्यंत किंवा त्याच क्षणी संपलेल्या अर्जांचे उत्तर.

```python
import bisect
req.sort(key=lambda r: r[1])   # (सुरुवात, शेवट, भाडे)
ends = [r[1] for r in req]
M = [0]
for i, (s, e, v) in enumerate(req):
    p = bisect.bisect_right(ends, s, 0, i)
    M.append(max(M[i], v + M[p]))
```

तक्ता असा भरतो: योगवर्ग ४००, तालीम १३००, साखरपुडा २५००, महिला मंडळ २५००, स्पर्धा २८००, वाढदिवस ६३००, भजन ६३००. बघण्यासारखी जागा पाचवी आहे. साखरपुड्यापाशी योगवर्ग आणि तालीम यांची १३०० ची जोडी हरली होती, पण स्पर्धेला दुपारी बाराला मोकळा हॉल हवा असल्याने तीच जोडी परत आली आणि १३०० अधिक १५०० झाले. ग्रीडीने तिला केव्हाच टाकून दिले असते. हरलेले उत्तरही पुढे लागू शकते तिथे तक्ता लागतो.

क्रमवारी धरून दोन्हींचा वेळ n log n च्या प्रमाणात लागतो, म्हणजे इथे डीपी महागही पडत नाही. सर्वांत जास्त चुकते ती सीमा. `bisect_right` ऐवजी `bisect_left` लिहिले, तर बरोबर नऊला संपणारा योगवर्ग नऊलाच सुरू होणाऱ्या तालमीला आडवा ठरतो आणि उत्तर ६३०० ऐवजी ६००० येते. कार्यक्रम कुठे अडत नाही, नुसता चुकीचा आकडा देतो. असली चूक पकडायला बारा-बारा यादृच्छिक अर्ज घेऊन सर्व ४०९६ उपसंच तपासणारा साधा कार्यक्रम शेजारी चालवावा. नवा ग्रीडी नियम सुचला की सिद्धतेला बसण्याआधीही हेच करावे. नियम खोटा असेल तर प्रतिउदाहरण बहुधा तीन-चार अर्जांतच सापडते.

अट बदलली की सिद्धता पुन्हा वाचावी लागते. समजा पुन्हा फक्त संख्याच हवी आहे, पण जेवणावळीनंतर हॉल धुवायला एक तास जातो आणि व्याख्यानानंतर काहीच नाही. जेवण ९ ते १२, व्याख्यान १० ते १२:३० आणि तिसरा अर्ज १२:३० ते १४ असे असेल, तर अर्जावरच्या शेवटाने लावलेली ग्रीडी जेवण घेते. हॉल एकपर्यंत अडतो, तिसरा अर्ज जातो आणि दोनऐवजी एकच कार्यक्रम बसतो. युक्तिवादात कामाची होती ती हॉल मोकळा होण्याची वेळ, पत्रिकेवर छापलेली नव्हे. म्हणून साफसफाईचा वेळ प्रत्येक अर्जाच्या शेवटात आधी मिळवावा आणि मगच क्रम लावावा. डीपीतही `ends` त्याच वेळांवरून बनवावे.