वाट पाहण्याची यादी (पाठपुरावा)

वाट पाहण्याची यादी म्हणजे दुसऱ्याकडे सोपवलेल्या आणि अजून परत हाती न आलेल्या कामांची स्वतःपुरती ठेवलेली नोंद. आपण स्वतः करायच्या कामांपासून ती वेगळी ठेवतात, कारण इथे काम दुसऱ्याच्या हातात असते आणि आपल्या हातात उरते फक्त विचारणे. कधी विचारायचे हे ठरवणे हाच या पद्धतीचा गाभा आहे. फार लवकर विचारले तर तगादा होतो, उशिरा विचारले तर उत्तर मिळूनही उपयोग नसतो.

संगणकाआधीच्या कार्यालयांत यासाठी 43 फायलींचा संच वापरत. महिन्याच्या दिवसांच्या 31 आणि वर्षाच्या महिन्यांच्या 12. ज्या दिवशी चौकशी करायची, त्या दिवसाच्या फायलीत कागद टाकायचा आणि रोज सकाळी त्या दिवसाची फाईल उघडायची. डेव्हिड ॲलन यांच्या 2001 मधील ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकामुळे ‘इतरांकडून येणे बाकी’ अशा स्वतंत्र यादीची सवय पुष्कळ लोकांना लागली. ईमेलमधले स्नूझ हे त्याच फायलींचे आजचे रूप आहे. पत्र आज नजरेआड करायचे आणि ठरल्या दिवशी ते आपोआप पुन्हा वर येते. जीमेलमध्ये ही सोय 2018 मध्ये आली.

नोंदीत चार गोष्टी हव्यात: माणूस, वस्तू, काम कधी सोपवले आणि पुन्हा कधी विचारायचे. ‘प्लेटिंग बाकी’ एवढेच लिहिले तर आठवण वाजते, पण फोन कोणाला करायचा हे शोधण्यात पाच मिनिटे जातात आणि तेवढ्यात नोंद पुन्हा उद्यावर ढकलली जाते.

सर्वात जास्त चुका होतात त्या चौथ्या गोष्टीत, म्हणजे विचारण्याच्या तारखेत. समोरच्याने दिलेली तारीखच बहुतेक जण आठवणीसाठी लावतात. नवी मुंबईतल्या महापे औद्योगिक क्षेत्रातल्या एखाद्या लहान कारखान्याचे उदाहरण घेऊ. तिथल्या खरेदी विभागातल्या बाईंनी सोमवारी, 3 मार्च 2025 रोजी 240 लोखंडी ब्रॅकेट झिंक प्लेटिंगसाठी, म्हणजे टाकीत बुडवून जस्ताचा थर चढवण्यासाठी, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टेम्पोने पाठवले. चलन बनले, प्लेटिंगवाल्याने ‘मंगळवारी 11 ला देतो’ असे फोनवर सांगितले. ग्राहकाला तयार माल गुरुवारी 20 तारखेला रवाना व्हायचा आहे. जुळणीला 18 आणि 19 असे दोन दिवस लागतात, म्हणजे ब्रॅकेट 17 च्या संध्याकाळपर्यंत दारात हवेत.

वरवर पाहता 11 आणि 17 मध्ये सहा दिवस मोकळे आहेत. पण पहिला माणूस चुकला तर काय करायचे, तिथून मागे मोजले की चित्र बदलते. समजा दुसऱ्या प्लेटिंगवाल्याला कामाचे तीन दिवस लागतात. या भागातल्या काही कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी शुक्रवारी असते, आणि या उदाहरणातल्या दोघांचीही शुक्रवारीच आहे. त्या वर्षी 14 मार्चच्या शुक्रवारी धुळवडही होती. म्हणजे दुसऱ्याचे तीन दिवस होतात 13, 15 आणि 16, आणि माल 17 ला परत येतो. त्यासाठी तो 12 तारखेला दुसऱ्याच्या दारात पडायला हवा. शिवाय माल आधी पहिल्याकडून न केलेल्या स्थितीत उचलून आणावा लागेल, आणि तो अर्धा टाकीत गेला असेल तर तेही जमणार नाही. निर्णयाची शेवटची वेळ म्हणून 12 ची सकाळ ठरते. आठवण 11 च्या संध्याकाळी वाजली, तर हातात उरते एक रात्र.

म्हणून पहिली आठवण शनिवारी 8 तारखेला लावायची. त्या दिवशी ‘झाले का?’ असे विचारून उपयोग नाही, कारण देण्याची तारीख आलेलीच नाही आणि माणूस उगाच दुखावतो. ‘माल टाकीत घेतला का?’ हा प्रश्न विचारायचा. त्याचे उत्तर हो किंवा नाही असेच येते, आणि काम सुरू झाले नसेल तर ते शनिवारीच कळते. उत्तर ‘नाही’ आले तर दुसरी आठवण सोमवारी 10 ला. तेव्हाही काम हाती घेतलेले नसेल, तर माल परत मागवायचा. या तारखा नोंद करतानाच, म्हणजे 3 तारखेलाच लिहून ठेवाव्यात. काम अडल्यावर माणूस आशेवर दिवस मोजतो आणि 12 ची सकाळ निसटते.

स्नूझची एक मर्यादा इथे नेमकी आडवी येते. ते पत्राला तारीख जोडते, कामाला नाही. प्लेटिंगवाल्याने मधेच ‘हो मॅडम, बघतो’ असे उत्तर पाठवले की बाजूला ठेवलेले पत्र वेळेआधीच इनबॉक्समध्ये येते, वाचले जाते आणि 8 तारखेची आठवण तिथेच संपते. उत्तर आले पण माल आला नाही, हा फरक पत्रपेटीला कळत नाही. अशा वेळी पत्र पुन्हा स्नूझ करावे लागते. बाजूला ठेवलेले सगळे एकत्र पाहायला जीमेलच्या शोधपट्टीत `in:snoozed` लिहितात. आठवड्यातून एकदा ते चाळले की विसरलेल्या गोष्टी वर येतात.

जीमेल स्वतःहूनही सुचवते. उत्तर न आलेल्या पाठवलेल्या पत्राशेजारी काही दिवसांनी पाठपुरावा करायचा का, असा प्रश्न दिसतो. तो मदतीचा आहे, पण त्याला 20 तारखेची रवानगी ठाऊक नसते, शुक्रवारची सुट्टीही नाही. त्याच्यावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते. त्यातून ठाण्या-नवी मुंबईतल्या अशा कामांची बरीच बोलणी फोनवर आणि व्हॉट्सॲपवर होतात, तिथपर्यंत हे सुचवणे पोहोचतच नाही. व्हॉट्सॲपवरच्या संदेशाला तारांकन केले की तो जपला जातो, पण त्याला तारीख नसते. म्हणून फोन ठेवता ठेवता कॅलेंडरमध्ये किंवा गूगल टास्क्समध्ये एक ओळ लिहावी: ‘8 मार्च, प्लेटिंगवाले, 240 ब्रॅकेट, टाकीत घेतले का’.

पद्धत बिघडते आहे हे ओळखायची खूण सोपी आहे: एकच नोंद काहीच न विचारता तीनदा पुढे ढकललेली दिसते. याचा अर्थ बहुधा असा की फोन करणे अवघड वाटते आहे, किंवा विचारून फरक पडणार नाही हे आपल्याला माहीत आहे. पहिल्या बाबतीत फोन आजच करावा. दुसऱ्या बाबतीत प्रश्न बदलावा, वरिष्ठांकडे न्यावा किंवा दुसरा माणूस शोधावा.

नोंद मिटवण्याची वेळही ठरलेली असावी. ‘माल निघाला’ हे ऐकून ती पुसू नये. या उदाहरणात टेम्पो 11 ला आला, चलनाशी ताडून मोजले तर ब्रॅकेट 232 निघाले. 240 ची नोंद तिथे बंद होते आणि 8 ब्रॅकेटची नवी नोंद त्याच माणसाच्या नावावर 12 तारखेच्या सकाळवर लागते.