लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिन: २०० मिलिग्रॅमच्या डोसमागचा इतिहास

२५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या सोसायट्यांत शिरले. पूर ओसरल्यावर घरातला चिखल उपसणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, कारण उंदीर आणि गुरे यांच्या लघवीतून पाण्यात मिसळलेले जंतू टाचेच्या भेगेतून किंवा जखमेतून सहज शरीरात जातात. अशा लोकांना डॉक्सीसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा डोस देतात, त्याचा उगम पनामाच्या जंगलात आहे.

तेथे प्रशिक्षणासाठी गेलेल्या ९४० अमेरिकन सैनिकांवर झालेला अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन आणि उरलेल्यांना औषध नसलेली गोळी देण्यात आली. दुसऱ्या गटात २० जणांना लेप्टो झाला, पहिल्या गटात केवळ एकाला. मात्र हे तरुण, निरोगी सैनिक मोजके आठवडे जंगलात होते. अंदमानातील रहिवाशांवरील अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हेच औषध घेणाऱ्यांमध्ये आजारी पडण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी आढळले, पण जंतुसंसर्गाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. माझ्या मते हाच तपशील सर्वांत मोलाचा आहे: गोळी आजार दाबते, संसर्ग थोपवतेच असे नाही.

पुराच्या पाण्यात एकदाच उतरलेल्या माणसाला ७२ तासांच्या आत एकच डोस देण्याची पद्धत ही त्या साप्ताहिक डोसवरून पुढे नेलेली आहे. जखम असेल किंवा सफाईचे काम आठवडेच्या आठवडे चालणार असेल, तर डॉक्टर डोस वाढवतात. गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुलांसाठी बहुधा ॲझिथ्रोमायसिन निवडतात. डॉक्सीसायक्लिनची गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते.

समजा, चिखल उपसलेल्या एका गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी गोळी घेतली आणि नवव्या दिवशी त्यांना सणकून ताप आला, पोटऱ्या हात लावू देईनात, डोळे लाल झाले पण चिपडे नाहीत. ‘गोळी घेतली होती’ म्हणून लेप्टो नाकारणे येथे घातक ठरते. पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडांची चाचणी अनेकदा निगेटिव्ह येते, त्यामुळे लक्षणे आणि पुराच्या पाण्याशी आलेला संबंध एवढ्यावरच उपचार सुरू करावे लागतात. शिवाय प्रतिबंधाचा डोस म्हणजे उपचार नव्हे. सौम्य आजारात १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस द्यावे लागते. लघवी कमी झाली, कावीळ दिसली, दम लागला किंवा थुंकीतून रक्त आले, तर गोळीवर न थांबता रुग्णालयात दाखल करून शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन देतात, आणि मूत्रपिंड निकामी होऊ लागल्यास डायलिसिसही तातडीने करावे लागते.