तुकडा जोडायचा की खड्डा भरायचा?

गुडघ्याच्या ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्सबद्दल, आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्या रुग्णांसाठी आणि पालकांसाठी

एमआरआयचा रिपोर्ट पुढे ठेवून पालक बहुतेक वेळा म्हणतात, "गादी फाटलीय म्हणे." या आजारात गादी फाटलेली नसते. मांडीच्या हाडाच्या टोकावर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. त्याच्या खालचं थोडं हाड वारंवारच्या ताणाने आणि रक्तपुरवठा कमी पडल्याने कमकुवत होतं आणि वरच्या कूर्चेसकट सुटू लागतं. भिंतीचा गिलावा आतल्या विटेच्या कपच्यासह सुटावा, तसं. ही जागा बहुधा मांडीच्या हाडाच्या आतल्या गोलाकार टोकावर, मधल्या खाचेच्या बाजूला असते. म्हणून नुसत्या सरळ एक्स-रेत ती निसटू शकते. गुडघा वाकवून काढलेल्या 'टनेल व्ह्यू'मध्ये ती नीट दिसते.

रिपोर्टमधल्या आकड्यांचा घोळ आधी मिटवू. या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत कूर्चा अखंड असते, फक्त मऊ लागते. दुसरीत कडेला थोडी चीर असते, पण तुकडा हलत नाही. तिसरीत तो चहूबाजूंनी सुटलेला, तरी जागेवरच असतो. चौथीत जागा सोडून सांध्यात फिरतो. नुसत्या कूर्चेच्या झिजेला मात्र वेगळी 'ग्रेड' देतात: तिथे तीन म्हणजे अर्ध्याहून जास्त जाडी गेलेली आणि चार म्हणजे हाड उघडं. त्यामुळे 'ग्रेड तीन' आणि 'स्टेज तीन' एक समजू नका. शिवाय एमआरआय हा अंदाज असतो. तुकडा हलतो की नाही, हे दुर्बिणीतून सळईने दाबल्यावरच पक्कं कळतं.

हाडाच्या वाढीच्या पट्ट्या उघड्या असलेल्या मुलांत स्थिर तुकडा बऱ्याचदा आपोआप भरतो. खेळ बंद, गरजेप्रमाणे कुबड्या आणि तीन ते सहा महिने धीर. दुखणं थांबलं म्हणून पंधराव्या दिवशी मैदानात पाठवणारे पालक आम्हाला सर्वांत जास्त त्रास देतात, हे मोकळेपणाने सांगतो. मुदतीत भरला नाही, तर हाडात बारीक भोकं पाडून रक्त आत येऊ देतात.

खरा प्रश्न तुकडा हलू लागल्यावर येतो. आमच्याकडे आलेला पंधरा वर्षांचा एक कबड्डीपटू घ्या. गुडघ्यात पाणी, उठता-बसता टकटक. एमआरआयमध्ये १८ बाय १४ मिलिमीटरचा तुकडा आणि त्याच्यामागे पाण्याची पांढरी रेघ. ही रेघ तुकडा सैल असल्याची खूण मानतात. वाढीच्या पट्ट्या मिटत आलेल्या. दुर्बिणीतून पाहिल्यावर तुकडा एका कडेला बिजागरीसारखा टिकून होता. वरची कूर्चा धड, मागे हाडाचा चांगला थर. सर्जननी तो झाकणासारखा उचलला, खालची चिवट पेशीजालं खरवडून रक्त येऊ दिलं, नडगीच्या हाडातून थोडा भुगा घेऊन खोलगट भागात भरला आणि तुकडा दोन स्क्रूंनी दाबून बसवला. सहा आठवडे त्या पायावर भार नाही, पण गुडघा वाकवणं लगेच सुरू. धातूचे स्क्रू नंतर काढावे लागले. विरघळणाऱ्या पिनांना ते लागत नाही.

मुलाची स्वतःची कूर्चा वाचली, म्हणून हा पर्याय आधी तपासावा असं आमचं मत. पण त्याला अट आहे. तुकडा एकसंध हवा आणि त्याच्या पाठीला हाड हवं, कारण हाड हाडाला जुळतं. नुसती कूर्चा हाडाला सहसा चिकटत नाही. महिनोन्‌महिने सांध्यात फिरलेला तुकडा फुगून, गोलसर होऊन खड्ड्यात बसेनासा होतो. तुकड्याचा चुरा झाला असेल, तरीही जोडणं बाद.

मग खड्डा भरावा लागतो. हाडाला टोचे दिल्यावर लहान, उथळ खड्डा चट्ट्यासारख्या कूर्चेने भरतो; ती मूळ कूर्चेइतकी टिकाऊ नसते. या आजारात हाडही गेलेलं असल्याने आम्हाला हा मार्ग तोकडा वाटतो. दोन-तीन चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या खड्ड्यात गुडघ्याच्या कमी भाराच्या कडेवरून काढलेल्या हाड-कूर्चेच्या गोल खुंट्या बसवतात. त्याहून मोठ्या खड्ड्यासाठी रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून लावतात. त्यात सहसा दोन शस्त्रक्रिया होतात, आणि खड्डा खोल असेल तर आधी हाड भरावं लागतं. पाय धनुष्यासारखा वाकडा असेल, तर सगळा भार त्याच जागी येतो. तो वाक सुधारला नाही तर दुरुस्ती टिकणं कठीण.

स्क्रू बसवल्यावर पुन्हा पाणी भरलं, करकर वाजू लागली किंवा गुडघा अडकला, तर व्यायाम थांबवून सर्जनना दाखवा. स्क्रू वर येऊन समोरची कूर्चा खरवडत असू शकतो. आमच्याकडे येताना रिपोर्टच्या कागदाबरोबर एमआरआयची सीडी आणि दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रेही आणा.